तिघांनी वाचूनही लग्नपत्रिकेत चूक राहते : ती कुठून शिरते आणि छापण्याआधी कशी धरायची

नागपुरात तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे पत्रिका यायला लागतात. "काकू, मजकूर ठरलाय, नावं ठरलीत, तुम्ही फक्त शुद्धलेखन आणि व्याकरण बघून द्या," एवढंच काम असतं. मी बरीच वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं, म्हणून मोहल्ल्यातली मंडळी विश्वासाने आणतात. पण दरवर्षी एखाद्या घरातून पत्रिका येते ती छापून झाल्यावर. यंदाही तसंच झालं. नवरीचा भाऊ गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "तपासली होती नं काकू! मी, बाबा आणि मोठे काका, तिघांनी वाचली. तरी 'आर्शिवाद' राहिलाच कसा?"

तिघांनी वाचली होती हे खरं होतं. मी त्याला व्हॉट्सअॅपवरचं सगळं दाखवायला सांगितलं: घरून दुकानात गेलेला मजकूर, दुकानातून आलेलं पहिलं प्रूफ, नंतरचं दुसरं प्रूफ. घरून गेलेल्या मजकुरात "आशीर्वाद" अगदी बरोबर होतं. पहिल्या प्रूफात ते "आर्शिवाद" झालं. काकांनी ते पकडलं, दुकानात सांगितलं, ऑपरेटरने मुख्य पानावर दुरुस्तही केलं. पण हळदीच्या आणि स्वागत समारंभाच्या आतल्या दोन चिठ्ठ्यांवर तोच मजकूर आधीच उचलून ठेवलेला होता, तिथे तो तसाच राहिला. त्या दोन चिठ्ठ्या पुन्हा कोणी वाचल्या नाहीत, कारण "हे तर वाचलंय आपण."

म्हणजे चूक तपासणीच्या आधी नव्हती, मध्येच शिरली आणि तपासणीनंतर उरली. हा प्रकार मला इतक्या वेळा दिसलाय की आता पत्रिका हातात घेतली की माझा पहिला प्रश्न असतो : ही कितवी प्रत आहे?

मधल्या वाटेवर नेमकं काय होतं

आपण फोनवर मराठी लिहितो ती युनिकोडमध्ये असते. महाल, इतवारी भागातल्या अनेक दुकानांत मात्र पत्रिकेसाठी अजूनही श्रीलिपीसारखे जुने फाँट चालतात, कारण पत्रिकेला शोभणारी वळणदार अक्षरं त्यांच्याकडे त्यातच आहेत. युनिकोडचा मजकूर तिथे तसाच चिकटवला तर निरर्थक खुणा दिसतात. मग ऑपरेटर एकतर तो परिवर्तकातून काढतो, नाहीतर समोर फोन ठेवून पुन्हा टाइप करतो. दोन्ही वाटांनी नवीन चुका येतात.

जुन्या फाँटमध्ये काना, वेलांटी, रफार हे सुटे तुकडे असतात आणि दिसतात त्या क्रमाने बसवावे लागतात. "आशीर्वाद"मध्ये र् चा उच्चार वा च्या आधी होतो, म्हणून रफार वा च्या डोक्यावर जातो. घाईत हात एक अक्षर आधी थांबला की तो शी वर बसतो, आणि शी ची दीर्घ वेलांटीही हलून ऱ्हस्व होते. म्हणूनच ही चूक इतकी सर्रास आहे; तिचं मूळ अज्ञानात कमी आणि बोटांच्या क्रमात जास्त आहे.

सगळं बसवून झालं की ऑपरेटर अक्षरांचे "कर्व्ह" करतो. त्यानंतर ती अक्षरं राहत नाहीत, आकृत्या होतात; दुसऱ्या मशीनवर फाँट नसला तरी पत्रिका बिघडू नये म्हणून हे करतात. पण त्यानंतर एक वेलांटी बदलायची तरी ती ओळ नव्याने टाइप करावी लागते. म्हणून प्रूफ हातात आलं की ऑपरेटरला विचारावं, "दादा, कर्व्ह केलं का?" नसेल केलं तर सगळ्या दुरुस्त्या तेव्हाच द्याव्यात. केलं असेल तर दुरुस्त केलेली प्रत्येक ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाचायची, फक्त बदललेला शब्द बघून भागत नाही.

आणि प्रूफ कधीही फोनवरच्या फोटोवर तपासू नये. व्हॉट्सअॅपवर फोटो दाबला जातो, त्यात अनुस्वाराचं टिंब आधी हरवतं. वर पत्रिका किरमिजी आणि अक्षरं सोनेरी असतील तर काहीच दिसत नाही. दुकानातून पीडीएफ मागवा, ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा आणि साध्या पांढऱ्या कागदावर, काळ्या अक्षरांत, खऱ्या मापाची प्रत काढा. दहावीस रुपयांचं काम आहे.

एक पत्रिका, ओळीने

आता व्याकरणाकडे येते. या घरची पत्रिका पहिल्या प्रूफात अशी होती. नावांच्या, तारखेच्या आणि पत्त्याच्या जागी मी ठिपके ठेवलेत, बाकी चुकांसकट तशीच आहे.

॥ श्री गणेशाय नम: ॥
आमचे येथे श्री कृपेकरून
चि. ……
(श्री …… याचे ज्येष्ठ चिरंजीव)
व
चि. सौ. का. ……
(श्री. …… यांची द्वितिय कन्या)
यांचा शुभविवाह मंगलवार दि. …… रोजी गोरज मुहुर्तावर
करण्याचे निश्चित झाला आहे.
तरी या पाणीग्रहण सोहळ्यास आपण सहकुटुंब उपस्थित रहावे व
वधुवरास शुभआर्शिवाद देवून आमचा आनंद द्विगुणीत करावा, हि नम्र विनंती.
विनित : समस्त …… परीवार
स्थळ : …… , नागपुर

यातली सगळ्यात गंभीर चूक कोणती असं विचारलं तर लोक "आर्शिवाद" म्हणतात. माझ्या मते ती चौथ्या ओळीत आहे : "याचे". मराठीत आदरार्थी आणि अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो. "यांचे" म्हटलं की वडिलांचा मान राहतो, "याचे" म्हटलं की घरच्या कर्त्या माणसाला एकेरीवर आणलं. एका टिंबाचा फरक, पण वाचणाऱ्या व्याह्याला तो खटकतो. शिवाय कुठलाही शब्दतपासनीस ही चूक दाखवणार नाही, कारण "याचे" हा शब्दही बरोबरच आहे. म्हणून मी पत्रिकेतले सगळे "यांचे, यांची, यांचा, यांस, त्यांच्या" पेन्सिलने आधी गोल करते आणि प्रत्येकावर टिंब आहे का ते एकेक करून बघते. खाली "वधुवरास" आहे, तिथेही तीच चूक : दोघं आहेत, म्हणून "वधूवरांस".

त्याच ओळीत "श्री" पुढे टिंब नाही, दुसऱ्या श्रींपुढे आहे. माणसाच्या नावाआधीचं "श्री." हे आदराचं संक्षिप्त रूप म्हणून टिंबासह लिहायची पद्धत आहे, देवाच्या नावाआधीचं "श्री" बिनटिंबाचं. "चि. सौ. कां." मधल्या कां वर अनुस्वार हवा, कारण ते "सौभाग्यकांक्षिणी"मधल्या "कांक्षिणी"चं पहिलं अक्षर आहे.

मग वाक्याची मोड. पत्रिकेचं मुख्य वाक्य सातआठ ओळींत पसरलेलं असतं, नावं मोठ्या अक्षरांत, नाती कंसात, मुहूर्त वेगळ्या रंगात. डोळा ते तुकड्यातुकड्यांनी वाचतो आणि वाक्य जुळतंय की नाही हे कळतच नाही. इथे "शुभविवाह … करण्याचे निश्चित झाला आहे" असं झालंय. दोन मसुदे एकत्र आल्याची ही खूण आहे : एकात "शुभविवाह निश्चित झाला आहे" होतं, दुसऱ्यात "शुभविवाह करण्याचे योजिले आहे". क्रियापद आता "करण्याचे" या रूपाला जुळायला हवं, म्हणून "करण्याचे निश्चित झाले आहे". एकच अक्षर बदललं. वाक्य नव्याने लिहायचा मोह होतो, पण आपल्याला ते काम दिलेलं नाही.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. कंसातला मजकूर आणि तारीख, मुहूर्त बोटाने झाकायचे आणि उरलेलं एका दमात मोठ्याने वाचायचं : "चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह करण्याचे निश्चित झाले आहे." जिथे जीभ अडखळते तिथे चूक असते. पत्रिकेत "व" नसून "हिच्याशी" असेल तर "चि. अमुक यांचा शुभविवाह चि. सौ. कां. तमुक हिच्याशी" असं वाचून बघा. हे व्याकरणाने बरोबर आहे, पण वराला "यांचा" आणि वधूला "हिच्याशी" हा भेद मला स्वतःला आवडत नाही. तरी मी तो बदलत नाही. कडेला प्रश्नचिन्ह करून घरच्यांना विचारते. बहुतेक घरं "यांच्याशी" करायला आनंदाने तयार होतात, कारण त्यांच्या ते लक्षातच आलेलं नसतं.

ऱ्हस्वदीर्घाचा गठ्ठा

उरलेल्या चुकांतल्या बऱ्याच ऱ्हस्वदीर्घाच्या आहेत, आणि त्या सुट्या सुट्या पाठ करायची गरज नाही. आज आपण पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले. १९६२ साली चौदा नियम शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. पत्रिकेपुरते त्यातले दोनतीनच लागतात.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द संस्कृतात शेवटी ऱ्हस्व असले तरी मराठीत एकटे आले की दीर्घ होतात. म्हणून तिथी, उपस्थिती, प्रीती. पण तोच शब्द समासात पहिला आला तर मूळचा ऱ्हस्व परत येतो : प्रीतिभोजन, तिथिनिश्चय. "पाणिग्रहण" याच घरातला. पाणि म्हणजे हात, वधूचा हात धरणं ते पाणिग्रहण. "पाणीग्रहण" छापलं की नळाला तोटी लावल्यासारखा अर्थ होतो, आणि लग्नातल्या इतक्या सुंदर शब्दाचं असं व्हावं याचं मला दर वेळी वाईट वाटतं. उलट "वधू" संस्कृतातच दीर्घ आहे, म्हणून समासातही "वधूवर", कधीच "वधुवर" नाही.

शब्दाच्या पोटातली वेलांटी किंवा उकार मात्र संस्कृताप्रमाणेच राहतो, तिथे मराठी हात घालत नाही. म्हणून मुहूर्त, द्वितीय, विनीत, आशीर्वाद, स्वीकार हे दीर्घ. आणि द्विगुणित, परिवार, शुभेच्छुक हे ऱ्हस्व. हे उच्चारावरून ठरवायला गेलात तर हमखास चुकाल, आपण बोलताना सगळं सारखंच बोलतो. शंका आली तर शब्दकोश उघडायचा. "हि नम्र विनंती" मधलं "ही" मात्र कोशाशिवाय कळतं : एकाक्षरी शब्द दीर्घ असतो, जसे मी, तू, ती, ही. "नि"सारखे थोडे अपवाद आहेत, ते पत्रिकेत येत नाहीत.

"शुभआर्शिवाद" मध्ये रफाराशिवाय संधीही राहिलीय : शुभ आणि आशीर्वाद मिळून "शुभाशीर्वाद".

"देवून" ही नागपुरात मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक. कसोटी अशी : समोरच्याला आज्ञा द्या. "दे", "ये", "घे", "जा" यात व नाही, म्हणून देऊन, येऊन, घेऊन, जाऊन. "ठेव", "लाव", "जेव" यात व आहे, म्हणून ठेवून, लावून, जेवून. फोनवर मजकूर असेल तर शोध घेताना "वून" एवढंच टाका, सगळे एकदम सापडतात. मग एकेकाला आज्ञा देऊन बघा. आणि "रहावे" नव्हे, "राहावे". धातू "राह" आहे. तोंडी आज्ञेत "रहा" चालतं, नियमानेही त्याला मुभा आहे, पण "राहावे"मध्ये काना पाहिजेच.

हिंदीचा शिरकाव

नागपुरात घराबाहेर पडलं की हिंदी कानावर पडते, दुकानातला ऑपरेटर बरेचदा हिंदीत टाइप करून मग मराठीकडे वळलेला असतो, आणि फोनचा कळफलकही कित्येकांचा हिंदीच असतो. तो शब्द सुचवतो ते हिंदी वळणाचे. म्हणून "मंगळवार"चा "मंगलवार" होतो, "स्थळ"चं "स्थल" होतं, "कळमेश्वर"चं "कलमेश्वर". माझी सवय अशी की पत्रिका एकदा फक्त ळ साठी वाचायची. जिथे ल दिसेल तिथे थांबायचं आणि विचारायचं, आपण इथे ळ म्हणतो का?

"नागपुर" हे त्याच गटातलं. मराठीत गावाच्या नावातला शेवटचा "पूर" दीर्घ लिहायचा असा स्पष्ट नियम आहे : नागपूर, सोलापूर, चंद्रपूर. मात्र "नागपुरात" लिहिताना तो ऱ्हस्व होतो, आणि "नागपूरला" लिहिताना नाही. ज्या शहरात पत्रिका छापली त्याचंच नाव चुकलं की पाहुण्यांच्या नजरेला ते आधी लागतं.

याच्या उलट एक जुनी सवय घरच्या वडीलधाऱ्यांकडून येते. आजोबा "शेगांव", "नांव" असं लिहून देतात, कारण त्यांच्या वेळी तसंच शिकवलं होतं. ते तेव्हा चूक नव्हतं. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, म्हणून आता शेगाव, नाव. आजोबांना हे एवढ्याच शब्दांत सांगितलं की ते समजून घेतात.

तुटणारी अक्षरं

काही अक्षरं अशी आहेत की ती लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेली असतात आणि यंत्रात मोडतात. ती प्रूफात मुद्दाम शोधावी लागतात.

पहिलं "वऱ्हाड"मधलं अर्धं र. "वऱ्हाडी मंडळींनी वेळेवर यावे" अशी ओळ आपल्याकडे असतेच. हे र दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडखुणेचा वर्ण. दुसरं म्हणजे खाली टिंब असलेलं स्वतंत्र ऱ आणि हलन्त. पहिल्यातला न दिसणारा वर्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना गळतो, आणि मग रफार होऊन "वर्हाड" उमटतं. दुसरा प्रकार टिकतो. फोनवर मजकूर करताना हा वापरा :

```
व + ऱ + ् + ह + ा + ड
```

हा फरक फक्त दिसण्याचा नाही. "आचार्यांना" म्हणजे गुरुजनांना आणि "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. मुहूर्ताला कोणाला बोलावलंय ते रफारावर ठरतं.

दुसरं ङ. "वाङ्निश्चय"मधल्या ङ चं टिंब गळलं की "वाड्निश्चय" होतं आणि फोटोत ते अजिबात कळत नाही. आपल्याकडे बरीच घरं त्याऐवजी "साक्षगंध" लिहितात, तिथे हा धोका नाही.

तिसरं द्ध. "शुद्ध पंचमी", "बुद्ध", "प्रसिद्ध" यांत आधी अर्धा द आणि मग ध. पण बोटं उलटी पडून "शुध्द", "बुध्द" होतं. दोन्ही आकृत्या लहान अक्षरांत सारख्या दिसतात, म्हणून हे भिंगाने बघावं लागतं.

आणि शेवटचं विसर्ग. "नमः"मधला विसर्ग हे अक्षर आहे, तो "नम"ला चिकटून बसतो. "नम:" मध्ये अपूर्णविराम टाकलेला असतो, त्याची टिंबं वेगळी दिसतात आणि ओळ मोडताना तो कधीकधी एकटाच पुढच्या ओळीत जातो. "स्थळ :" मधला मात्र अपूर्णविरामच हवा.

कशाला हात लावायचा नाही

शुद्धलेखन बघणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकाही मी खूप पाहिल्यात, माझ्याही हातून सुरुवातीला झाल्या. काही गोष्टी नियमाबाहेरच्या असतात आणि त्या तशाच ठेवायच्या असतात.

नावं आणि आडनावं. नियमाने "सुनीता" आणि "दीपक" बरोबर, पण एखादी "सुनिता" आणि "दिपक" आयुष्यभर तसंच सही करत आले असतील तर पत्रिकेतही तेच. विदर्भात "वानखडे" आणि "वानखेडे" दोन्ही आडनावं आहेत. एक दुसऱ्याची चूक नाही. मी नावांची वेगळी यादी काढून घरच्यांकडून सही करून घेते आणि प्रूफ त्या यादीशी ताडते, नियमांशी नाही. लॉनचं किंवा मंगल कार्यालयाचं नावही त्याच्या पाटीवर जसं आहे तसं.

"आमचे येथे श्री कृपेकरून" हे "आमच्या येथे" करायला जाऊ नका. पत्रिकेतली ती रूढ, जुन्या वळणाची भाषा आहे. तसंच लहान मुलांच्या नावाने येणारं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" हे बोलीतलं आहे. तिथला अनुस्वार नियमातच बसतो. त्याचं "यायचे" केलं की लेकरांचा आवाजच गेला.

नागपुरात बौद्ध घरांच्या पत्रिका पुष्कळ येतात. त्यावर "मंगल परिणय" असतं आणि सुरुवातीला पाली वंदना असते. पालीला मराठीचे किंवा संस्कृतचे नियम लावायचे नाहीत. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" हे असंच. "बुद्धं सरणं गच्छामि" यात "सरणं"च बरोबर आहे. ते "शरणं" करणारा तपासनीस आपण चूक सुधारली असं समजतो आणि घरच्यांच्या श्रद्धेच्या ओळीत चूक घालतो. "धम्म"चा "धर्म" करणं तर त्याहून वाईट.

"सीमांतपूजन"ऐवजी "श्रीमंतपूजन" छापलेलं अनेकदा दिसतं. गावाच्या सीमेवर वराचं स्वागत, म्हणून मूळ शब्द सीमांतपूजन. पण "श्रीमंतपूजन" इतकं रुळलंय की मी ते कापत नाही, कडेला लिहून विचारते. तारीख आणि वार जुळत नसतील तरी तेच : दिनदर्शिका उघडून बघते, पण दुरुस्ती घरच्यांनी सांगायची, मी नाही. कोण आधी, कोण नंतर, मामा कुठे आणि आत्या कुठे, यात तर पडायचंच नाही.

दुरुस्ती दुकानात कशी द्यायची

इथे बहुतेकांचं बिघडतं. लोक चुका दिसल्या की सगळा मजकूर नव्याने टाइप करून पाठवतात. ऑपरेटर मग सगळंच पुन्हा टाइप करतो, आणि आधी बरोबर असलेल्या शब्दांत नव्या चुका येतात. त्याऐवजी छापील प्रतीवर लाल पेनाने खूण करा आणि सोबत साधी चिठ्ठी द्या : कोणतं पान, कितवी ओळ, काय आहे, काय हवं, आणि हा शब्द एकूण किती ठिकाणी आहे. या घरच्या पत्रिकेत "शुभाशीर्वाद" तीन ठिकाणी होता, मुख्य पानावर आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीवर "एकूण ३" लिहिलेलं असतं तर ऑपरेटरने तिन्ही शोधले असते.

दुरुस्त प्रूफ आलं की दोघांनी बसायचं. एकाने घरची प्रत मोठ्याने वाचायची, वेलांट्या आणि अनुस्वारांसकट : "आ, श ला दीर्घ, रफार वा वर, द." दुसऱ्याने छापील प्रतीवर पेन्सिल ठेवून मान हलवायची. वाचणारा शक्यतो घरचा नको. घरच्यांचे डोळे नावांवर जातात, हळवे होतात आणि मधला मजकूर उडी मारून जातो. त्या नवरीच्या भावाला मी पुढच्या वेळी शेजारच्या आठवीतल्या मुलीला बसवायला सांगितलं. तिला नावांशी देणंघेणं नाही आणि ती एकेक अक्षर वाचते.

छपाई सुरू होताना शक्य असेल तर पहिला तयार कागद हातात घ्या. सोनेरी छपाईत बारीक फाँटचे अनुस्वार कधीकधी उमटतच नाहीत, पीडीएफ बरोबर असली तरी. तसं दिसलं तर तो दोष लिहिण्याचा नाही. अक्षर एक माप मोठं किंवा जाड करून घ्यावं लागतं, आणि ते गठ्ठा छापायच्या आधीच होऊ शकतं.

त्या घरच्या दोन्ही चिठ्ठ्या शेवटी नव्याने छापल्या, मुख्य पत्रिका तशीच वापरली. पाकिटावर मात्र "परीवार" होतं. पाकीट कोणीच वाचलं नव्हतं, मीसुद्धा ते शेवटी उलटून बघितलं.